पाडव्याच्या चार ओळी : वृत्त, प्रतिमा आणि एक रिता तांब्या

गुढीपाडवा आठ दिवसांवर आला की आमच्याकडे एक मागणी हमखास येते. शाळेच्या फलकासाठी, ग्रामपंचायतीच्या भिंतीसाठी, कुणाच्या शुभेच्छापत्रासाठी. "गुरुजी, चार ओळी द्या, यमक जुळणाऱ्या." जालना जिल्ह्यात मराठी शिकवण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे अशा ओळी मी बऱ्याच दिल्या. त्यांतल्या बहुतेक आज वाचवत नाहीत. त्या का वाचवत नाहीत याचा शोध घेताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

चार ओळींच्या रचनेला आज सरसकट 'चारोळी' म्हणतात. चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'ने तो शब्द घरोघरी नेला. पण ती चारोळी वृत्तात बांधलेली नाही आणि तसा तिचा दावाही नाही. येथे विचार करायचा आहे तो वृत्तबद्ध चार ओळींचा, आणि त्यासाठी आमच्या जिल्ह्याने जवळचेच माप दिलेले आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके १५३०, म्हणजे १६०८ साली, चैत्र शुद्ध नवमीला त्यांचा जन्म झाला. नवे वर्ष लागून नववा दिवस. त्यांचे मनाचे श्लोक २०५, प्रत्येक चार ओळींचा आणि भुजंगप्रयात वृत्तातला. ती चाल इथल्या निरक्षर माणसाच्याही कानात आहे. ओळ चुकली तर व्याकरण न जाणणारी आजीसुद्धा म्हणताना अडखळते. इतका स्वस्त आणि इतका खरा परीक्षक दुसरा नाही.

भुजंगप्रयाताचे माप सोपे आहे. एका ओळीत बारा अक्षरे. एक लघु आणि दोन गुरू असा गट, म्हणजे 'लगागा', चार वेळा. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु. दीर्घ स्वराचे, अनुस्वाराचे किंवा ज्याच्यापुढच्या जोडाक्षराचा आघात येतो ते अक्षर गुरू. आघात येतो की नाही, हे कानानेच ठरवायचे. 'दिव्य' म्हणताना 'दि'वर जोर पडतो, म्हणून तो गुरू. 'दिव्याला' म्हणताना पडत नाही, म्हणून तिथे 'दि' लघु. 'उन्हाळा'तला 'उ' आणि 'नव्या'तला 'न' याच न्यायाने लघु राहतात. माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'त हा सारा व्यवहार विस्ताराने आहे. आपल्याला एवढ्यावर काम भागते.

होणारी चूक बहुतेकदा एकच असते. अक्षरे मोजली जातात, वजन केले जात नाही. 'चैत्रपालवीने सजली ही गुढी' ही ओळ मी मुद्दाम बेतली आहे. अक्षरे बरोबर बारा. पण मनाच्या श्लोकाच्या चालीत म्हणून पाहा. पहिलेच अक्षर 'चै' गुरू निघते आणि दाराशीच ठेच लागते. पुढे 'सजली'त 'स' आणि 'ज' हे दोन लघु एकापाठोपाठ येतात, तिथे तर चाल मोडूनच पडते.

आता दुसरी बाजू, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. पुढच्या चार ओळीही मीच नमुन्यासाठी जुळवल्या आहेत. दहा मिनिटेही लागली नाहीत :

नवे वर्ष आले, गुढी ही उभारू,
मनातील दुःखे चला दूर सारू;
सुखाची मिळो साथ साऱ्या जगाला,
मिळो गोडवा पाडव्याच्या सणाला.

वृत्तात एकही चूक नाही. यमकही चोख आहे. आणि चारही ओळींत डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल असे काही म्हणजे काही नाही. गुढीचे नाव आहे, गुढी नाही. असे का होते? 'नवे वर्ष आले' हे सहा अक्षरांचे बोल तपासा : न लघु, वे गुरू, वर् गुरू, ष लघु, आ गुरू, ले गुरू. अर्धी ओळ आयती तयार! 'गुढीपाडवा हा', 'उभारा गुढी ही', 'सुखाची मिळो साथ', सगळे तसेच. ठरीव शब्द भुजंगप्रयातात आपोआप बसतात. मापाने शिळेपणा आणला असे म्हणता येणार नाही, पण शिळ्या शब्दांना ते दार सताड उघडे ठेवते. लिहिणाऱ्याला वाटते, प्रतिभा वाहते आहे. वाहत असतो तो उतार.

ताजे शब्द मात्र दारात अडतात. गुढीवरचा 'कलश' घ्या : तीन लघु सलग. भुजंगप्रयातात तीन काय, दोन लघुही शेजारी बसत नाहीत. कलश बाद. 'कडुनिंब'मध्ये क आणि डु असे दोन लघु; तो तसाच्या तसा येत नाही. 'कडूनिंब' असे ताणले तर बसतो, आणि असे ताणणे जुन्या कवींना वर्ज्य नव्हते. पण आज फलकावर लिहिले तर मुख्याध्यापकच खडू घेऊन दुरुस्त करतील. 'विहीर' म्हणजे लघु-गुरू-लघु; ती जोडी या वृत्तात कुठेच नाही. आणि आमच्या जिल्ह्याचे भूषण असलेली 'मोसंबी' तीन गुरूंची असल्यामुळे कायमची कुंपणाबाहेर.

इथे बहुतेक जण मागे फिरतात आणि 'सुख-समृद्धी'कडे वळतात. खरे तर इथूनच शोध सुरू व्हायला हवा. कारण कलश बसत नाही म्हटल्यावर आठवतो तो 'तांब्या', दोन गुरूंचा, आणि आपल्या घरच्या गुढीवर असतोही तोच. विहीर बसत नाही, पण 'आड' बसतो. मराठवाड्यात जुन्या गावठाणात, वाड्यात पाण्याची सोय म्हणजे आडच. कडुनिंबाला आमच्याकडे बोलताना नुसते 'लिंब' म्हणतात. 'लिंब' म्हणजे गुरू-लघु, झकास बसतो. वृत्ताने ग्रंथातला शब्द नाकारला आणि घरातला मागितला. (लिंब म्हणजे लिंबू नव्हे, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला सांगावे लागेल. सांगू.)

९ एप्रिल २०२४ चा पाडवा, शके १९४६. आदल्या पावसाळ्याने मराठवाड्याला दगा दिला होता आणि गावोगाव टँकरची वाट पाहणे सुरू झाले होते. २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना त्या उन्हाची ओळख पटत होती. नेहमीप्रमाणे मागणी आली. 'सुखाची मिळो साथ' असे त्या फलकावर लिहायला माझा हात धजेना. गुढीकडे पाहिले. तिच्या टोकाला पालथा तांब्या. तो दरवर्षीच पालथा आणि रिकामा असतो. त्या वर्षी मात्र त्याचे रिकामे असणे डोळ्यांत आले. पहिला मसुदा असा सुरू झाला :

रिता एक तांब्या, गुढी ही पुराणी,
सड्याला न पाणी, तळा आड गेला…

माप बरोबर, यमक नाही. शिवाय दोन दोष. 'पुराणी' हा भरतीचा शब्द आहे; पुढे 'पाणी' हवे म्हणून आधीच येऊन बसलेला. गुढी जुनी असते का? काठी जुनी असेल, गुढी दरवर्षी नवीच. दुसरा दोष अधिक घातक. 'आड आटून तळाला गेला' असे म्हणायचे होते, पण 'तळाला'चे 'तळा' केल्याबरोबर ऐकणाऱ्याला 'तळाआड गेला', म्हणजे कशाच्या तरी मागे दडला, असे ऐकू येते. प्रत्यय कापून माप जुळवले की अर्थ असा पाय काढून घेतो. चार ओळींत असा एक शब्द म्हणजे पाव कविता गेली.

दुरुस्तीला दोन दिवस गेले. फलकावर गेल्या त्या ओळी या :

रिता एक तांब्या गुढीची निशाणी,
सड्याला कुठे आज आडात पाणी;
पहाटेच दारी न बोलावलेला
फुलांचा सडा लिंब घालून गेला.

पहिली ओळ वजन करून दाखवतो : रि-ता-ए, क-तां-ब्या, गु-ढी-ची, नि-शा-णी. चार वेळा लगागा. 'एक'मधला 'क' बोलताना आपण जवळजवळ गिळतो, वृत्तात मात्र तो पूर्ण अक्षर मोजायचा. दुसऱ्या ओळीत 'सड्याला'तला 'स' लघु, 'दिव्याला'सारखाच. उरलेल्या ओळी वाचकांनी बोटांवर मोजाव्यात.

'पुराणी'च्या जागी 'निशाणी' आल्याने तांब्याला काम मिळाले. गुढी म्हणजे ध्वजच, तेव्हा निशाण तिचे आहेच. पण ते रिते आहे. मात्र या चार ओळींचा जीव 'सडा' या शब्दात आहे. सडा म्हणजे अंगणात शिंपडायचे पाणी, आणि सडा म्हणजे गळून पसरलेली फुलेही. मराठीने हे दोन अर्थ एका शब्दात आधीच ठेवले होते. पाडव्याच्या सकाळी अंगणात सडा हवा, आडात पाणी नाही. तेव्हा दारचा लिंब आपली बारीक पांढरी फुले टाकून ते काम करून ठेवतो. येथे उपमा आणावी लागत नाही. अंगण झाडायला उठलेल्या बाईला जे दिसते तेच लिहिले आहे.

पाडव्यापासून मोजल्या जाणाऱ्या शकाला शालिवाहनाचे नाव आहे. सातवाहनांचे पैठण आमच्यापासून लांब नाही; तीच गोदावरी पुढे आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण कडेने वाहते. त्या घराण्यातल्या हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही अशाच लहान रचनांची, शेत, नदी आणि घर यांतून उचललेल्या चित्रांची. तिचे माप मात्रांचे, आपले अक्षरांचे, एवढा फरक. पाडव्याच्या छोट्या कवितेला पूर्वज शोधायचा तर शुभेच्छापत्रांआधी तिथे पाहावे.

माझ्या ओळींवर आक्षेप आले, ते नोंदवतो. एका सहकाऱ्याने विचारले, "झाड जागचे हलत नाही, मग 'गेला' कसे?" प्रश्न रास्त आहे. 'घालून ठेला' असेही माप बसते, आणि संतांच्या मराठीत 'ठेला' म्हणजे थांबला, उभा राहिला. अर्थाने अगदी नेमका. पण आज ठेला म्हटले की भेळेची गाडी उभी राहते. 'गेला' ठेवला, कारण 'कुणीतरी करून गेलं' या आपल्या बोलण्यात जाण्यापेक्षा आपल्याला न कळता काम झाल्याचा भाव असतो. तरीही आक्षेप पूर्ण मिटला असे मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप एका शेतकऱ्याचा, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. लिंबाचा बहर आणि पाडवा दरवर्षी जुळत नाहीत. अधिक महिन्यामुळे पाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मागेपुढे होतो. ९ एप्रिलला अंगणात फुले होती. २०२६ सालचा पाडवा १९ मार्चचा; तेव्हा लिंबाखाली फुलांऐवजी वाळकी पानेच पडलेली असण्याची शक्यता जास्त. 'फुलांचा' काढून 'पानांचा' घालता येत नाही, कारण पहिलेच अक्षर गुरू होते. शेवटच्या दोन ओळी नव्याने लिहाव्या लागतील.