चौथ्या परिच्छेदातला चेक

समोर दीड पानाची नोटीस आहे. सळईच्या व्यापाऱ्याच्या वकिलांनी ती 4 जुलै 2025 रोजी एका ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवली आहे. नावं गाळून वाचू.

सुरुवात ठरावीक आहे: ‘आमच्या अशिलांनी दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून आपणास ही नोटीस देण्यात येते की...’ पुढे परिच्छेदांना क्रमांक आहेत आणि प्रत्येकात एकच गोष्ट आहे. पहिल्यात दोघांचा व्यवसाय, दुसऱ्यात ऑर्डर. तिसऱ्यात 14 जून 2022 रोजी माल साइटवर उतरला, चलनावर सही झाली आणि 2,38,000 रुपयांचं बिल दिलं, एवढंच. विशेषण एकही नाही. उद्या दावा लावावा लागला, तर हेच परिच्छेद जवळपास जसेच्या तसे दाव्यात उतरतील.

नोटिशीचा प्राण मात्र चौथ्या परिच्छेदात आहे: ‘आपण दि. 15 सप्टेंबर 2022 रोजी आपल्या सहीच्या चेकने सदर बिलापोटी 90,000 रुपये अदा केले असून 1,48,000 रुपये येणे बाकी आहे.’ वरवर पाहता हा नुसता हिशेब वाटतो. पण बिलावर उधारीची मुदत नव्हती, म्हणून तीन वर्षांची मुदत माल दिल्यापासून धावू लागली आणि जून 2025 मध्येच संपली असती. मुदत कायद्याच्या कलम 19 नुसार मुदतीत केलेला आणि देणाऱ्याच्या सहीने सिद्ध होणारा अंशतः भरणा नवी मुदत सुरू करतो. म्हणून दाव्याला सप्टेंबर 2025 पर्यंत वाव मिळाला. ‘आपल्या सहीच्या’ हे दोन शब्द वकिलांनी उगीच घातलेले नाहीत.

पाचव्यात मागणी आहे: पंधरा दिवसांत बाकी भरा, नाहीतर नोटिशीच्या तारखेपासून द.सा.द.शे. 12 दराने व्याज मागू. बिलात व्याजाचा शब्द नव्हता. 1978 चा व्याज कायदा अशा लेखी सूचनेला महत्त्व देतो, त्यामुळे हे वाक्य राहून गेलं असतं तर त्या व्याजाचा आधार लंगडा झाला असता.

घसरण सहाव्या परिच्छेदात होते: ‘आपण आमच्या अशिलांची घोर फसवणूक केली असून फौजदारी कारवाईस पात्र आहात.’ पाच परिच्छेद ज्या संयमाने उभे राहिले, तो इथे सुटतो. काही पैसे देऊन उरलेले थकवणं म्हणजे सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता असं नव्हे. हे वाक्य ठेकेदाराच्या वकिलाला उत्तरात आयतं सापडेल. ‘दिवाणी न्यायालयात दावा दाखल करू व त्याचा खर्च आपणावर पडेल’ एवढं पुरेसं होतं.

आणखी एक धोका कागदाबाहेरचा आहे. नोटीस दिली म्हणून मुदत थांबत नाही. पंधरा दिवसांनंतर ‘दिवाळीला देतो’ असं फोनवर ऐकून अशील गप्प बसले, तर चौथ्या परिच्छेदाने वाचवलेले दिवस सप्टेंबरात संपतील.