गुप्त ओळख आणि कथाविश्वाची सलगता : ‘डेअरडेव्हिल’ मालिकेच्या संदर्भात

प्रस्तावना :

गंगाधर हाच शक्तिमान आहे, हे दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’ (१९९७-२००५) मालिकेच्या प्रेक्षकाला ठाऊक असते. गीता विश्वासला मात्र ते बराच काळ ठाऊक नसते. मालिकेतील नाट्य ज्ञानाच्या या तफावतीवर उभे आहे. ती मालिका स्वतंत्र असल्यामुळे हे गुपित तिच्यापुरतेच सांभाळावे लागले. ओटीटी माध्यमावरील महानायकांच्या मालिकांत मात्र एकच नायक अनेक मालिकांतून आणि चित्रपटांतून वावरतो. त्यामुळे अमुक मालिकेतील नायक तमुक कथाविश्वातील आहे काय, हा प्रश्न समीक्षेपुढे उभा राहतो. ‘डेअरडेव्हिल’च्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

प्रचलित कसोट्यांच्या मर्यादा :

चेहऱ्यावरून नायक ओळखणे ही सर्वांत सोपी कसोटी होय. परंतु ती विश्वसनीय नाही. जॉन वेस्ली शिप या अभिनेत्याने १९९० च्या ‘द फ्लॅश’ मालिकेत बॅरी अ‍ॅलन हा नायक साकारला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्याच नावाच्या मालिकेत तो बॅरीचा पिता हेन्री झाला आणि पुढे दुसऱ्या पृथ्वीवरील जे गॅरिकही झाला. चेहरा एक, व्यक्ती तीन.

दुसरी कसोटी उल्लेखाची. नेटफ्लिक्सवरील ‘डेअरडेव्हिल’च्या (२०१५-२०१८) पहिल्या पर्वात ‘अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२) चित्रपटातील न्यूयॉर्कच्या विध्वंसाचे संदर्भ येतात. परंतु त्या काळातील चित्रपट या मालिकेची दखल घेत नाहीत. एकतर्फी उल्लेखाने नात्याचा दावा होतो. नाते सिद्ध होत नाही.

गुपिताची कसोटी :

याहून भक्कम पुरावा गुप्त ओळखीतच सापडतो. मॅट मर्डॉक हा दृष्टिहीन वकील; तोच रात्री डेअरडेव्हिल होतो. हे गुपित कोणाला, केव्हा कळले याची नोंद ठेवता येते. पहिल्या पर्वात परिचारिका क्लेअर टेंपल आणि वकिलीतील भागीदार फॉगी नेल्सन यांना ते कळते. दुसऱ्या पर्वाच्या (२०१६) अखेरीस मॅट स्वतः करेन पेजला ते सांगतो. तिसऱ्या पर्वात (२०१८) विल्सन फिस्क या प्रतिपक्षालाही ते ज्ञात होते. शेवटी फिस्क ते उघड न करण्याचे मान्य करतो. त्याची पत्नी व्हॅनेसा सुरक्षित राहावी, हा त्यामागचा व्यवहार होय.

‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’ ही मालिका मार्च २०२५ मध्ये डिस्नेच्या वतीने आली. तिच्या पहिल्या भागात महापौरपदाची निवडणूक लढवणारा फिस्क आणि मॅट एका उपाहारगृहात समोरासमोर बसतात. दोघेही एकमेकांना इशारे देतात. मात्र समोरच्याचे दुसरे रूप आपल्याला कसे कळले, याचे स्पष्टीकरण कोणीही देत नाही. हे मौन २०१८ च्या पर्वाशिवाय अर्थपूर्ण होत नाही. डिस्नेने जानेवारी २०२४ मध्ये जुन्या मालिका आपल्या कालक्रमात समाविष्ट केल्या होत्या. तो निर्मात्याचा निर्णय होता. या प्रसंगाने त्याला संहितेतला आधार मिळतो.

येथे सांधाही दिसतो. मूळ आराखड्यात फॉगी आणि करेन यांना स्थान नव्हते. २०२३ मध्ये लेखनप्रमुख बदलले गेले आणि पहिला व शेवटचे दोन भाग नव्याने रचले गेले. त्यामुळे जुन्या गुपितांचे धागे मालिकेच्या दोन टोकांना घट्ट, तर मधल्या काही भागांत सैल जाणवतात. कथाविश्व एकच असले, तरी त्याची वीण सर्वत्र सारखी नाही.

कसोटीची मर्यादा :

ही कसोटी पात्रांच्या स्मृतीवर अवलंबून आहे. ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ (२०२१) चित्रपटात मॅट हा पीटर पार्करचा वकील म्हणून येतो, परंतु शेवटी मंत्रप्रयोगाने पीटरची ओळख सर्वांच्या स्मरणातून पुसली जाते. यापुढे मॅटने पीटरला ओळखले नाही, तर ते भिन्न कथाविश्वाचे लक्षण ठरणार नाही. म्हणून अज्ञान आढळल्यास त्याचे कारण कथेत दिले आहे काय, हे आधी तपासावे लागते.

निष्कर्ष :

चेहरा अभिनेत्याचा असतो आणि कालक्रमाची यादी निर्मात्याची. कोणाला काय ठाऊक आहे, ही गोष्ट मात्र कथेची स्वतःची असते. गुप्त ओळख नायकाला लपवते. आणि तीच ओळख कोणाकोणाला ठाऊक आहे, यावरून तो कोणत्या कथाविश्वातला हे ठरवता येते. म्हणून अशा मालिकांच्या अभ्यासात पात्रांच्या यादीपेक्षा गुपित जाणणाऱ्यांची यादी अधिक उपयुक्त ठरते.