सैनिकाचे पत्र आणि बहिणीचे वाचन

वामन मल्हार जोशी यांच्या ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) या कादंबरीत अनेक पात्रांची पत्रे परस्परांना छेद देतात आणि त्या छेदांतून कथानक घडते. सैनिकाने बहिणीला लिहिलेल्या पत्रांच्या कथेला ही सोय नसते. आघाडीवर आलेली पत्रे जपून ठेवणे कठीण. घरच्या पेटीत उरतात ती भावाचीच. त्यामुळे निवेदन एकतर्फी होते, आणि बहीण केवळ मायन्यातले नाव होऊन राहण्याचा धोका निर्माण होतो. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) दर्यावर्दी वॉल्टन बहिणीला पत्रे लिहितो, परंतु तिचे उत्तर कोठेच येत नाही, आणि तिच्यामुळे कथानकात काही बदलतही नाही.

या बंधाची खरी शक्ती सैनिकी पत्राच्या स्वरूपातच आहे. असे पत्र क्वचितच खासगी असते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे तपासणी होऊनच पुढे जात. अनेकदा ती दुसऱ्याच्या हातून लिहिलेली असत आणि घरी मोठ्याने वाचली जात. म्हणजे लिहिणारा, तपासणारा व वाचणारा अशा तिघांच्या सान्निध्यातच गुपित सांगावे लागते.

एक कल्पित कथानक घ्यावे. काळ १९७१ चा डिसेंबर. थोरली बहीण पिंपरीच्या कामगार वसाहतीत राहते. आईला अक्षरओळख नाही. भावाच्या पत्त्यात ‘५६ एपीओ’ एवढेच. आकडा आहे, गाव नाही. ‘ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.’ या मायन्यानंतर थंडीचे वर्णन येते आणि मग एक वाक्य: सोबतचा साताऱ्याचा पोरगा गेला, आईला सांगू नकोस. पुढचे पत्र युद्धविरामानंतरचे आहे. त्यात भाऊ विचारतो, आईने त्या पोरासाठी लाडू पाठवले, ते मी कोणाला देऊ? तू तिला काय वाचून दाखवलेस?

बहिणीचे एकही पत्र न छापता वाचकाला येथे तिचे वाचन ऐकू येते. ती त्या वाक्याशी अडखळली आणि तिने त्या जागी स्वतःचे वाक्य घातले. यापुढे कथानक पुढे नेते ते युद्ध नव्हे, तर तिने रचलेले आणि भावाला निभावावे लागणारे ते असत्य होय.

हा बंध ढासळतो तो मुख्यतः एका कारणाने. बहिणीला ठाऊक असलेलेच भाऊ तिला पुन्हा सांगू लागतो: वडील कधी वारले, घर कोठे होते. हे सांगणे वाचकासाठी आहे हे तत्काळ कळते. कसोटी सोपी आहे. मायना झाकून पत्र वाचावे. तेच पत्र मित्रालाही तितकेच शोभत असेल, तर कथेत बहीण नाही, केवळ तिचा पत्ता आहे.