गाठ नसलेला धागा : राखीच्या एका छायाचित्राविषयी

आज आम्ही बोलणार आहोत एका छायाचित्राविषयी. ते काही कोण्या नामवंत छायाचित्रकाराचं नाही. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं इथेच, अकोल्यात, स्वतःच्या घरी मोबाइलवर काढलेलं आहे. ती राख्या तयार करते आणि डबीत घालून विकते. आम्हाला फोटो दाखवून म्हणाली, "सर, यात काही चुकलं का ते सांगा. फोटो सगळ्यांना आवडतो, पण राखी हातात पडली की लोक नाराज होतात."

हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचाच आहे, नाही का? चित्र सुंदर आहे आणि तरी बघणारा फसतो. मग चूक कुठली म्हणायची?

चित्र असं आहे. टेबलावर मोतिया रंगाचं कापड. मधोमध उघडी डबी, तीत पांढऱ्या सुताची राखी, मध्ये लाल गोंडा. बाजूला कुंकवाची इवलीशी कुयरी, थोड्या अक्षता आणि पितळी ताटलीत पाच पेढे. डावीकडून खिडकीचा मऊ उजेड येतोय. बस, इतकंच.

आधी उजेडाचं बघू, कारण तिथे तिचं काम अगदी बरोबर आहे. उजेड मऊ कशामुळे होतो? वस्तूच्या मानानं उजेडाची जागा मोठी असली म्हणजे. खिडकी मोठी, राखी लहान आणि दोन्हींत अंतर दोन हातांचं, म्हणून सावलीची कड विरघळते. त्यातून श्रावणातलं ढगाळ आभाळ म्हणजे पसरलेला पांढरा पडदाच. हीच खिडकी मे महिन्यात उघडली असती तर आमच्या वऱ्हाडच्या उन्हानं अर्धं टेबल पांढरंफटक केलं असतं. शिवाय तिनं घरातली ट्यूबलाइट बंद ठेवली होती. ती चालू राहिली असती तर सूत एका अंगानं निळसर आणि दुसऱ्या अंगानं वेगळ्याच छटेचं दिसलं असतं.

आणखी एक गोष्ट तिला साधली आहे. उजेड समोरून न येता कडेनं येतो. समोरून आला की धागा म्हणजे नुसती पांढरी रेघ. कडेनं आला की पिळाचा प्रत्येक वेढा एका बाजूनं उजळतो, दुसऱ्या बाजूनं काळवंडतो, आणि बोटानं चाचपावा तसा धागा डोळ्यांना कळतो. याच उजेडात सुताभोवतीची बारीक लव दिसते. पॉलिस्टरच्या चकचकीत धाग्याला ती लव नसते. त्याच्या अंगावरून चमक सलग सरकत जाते. म्हणजे हा धागा कापसासारखा आहे, एवढं चित्र सांगू शकतं.

आता चुकलं कुठे ते बघू. पहिली चूक पेढ्यांची. पेढा किती मोठा असतो हे आपल्याला न मोजता ठाऊक असतं. त्यामुळे चित्रातला पेढा ही आपली मोजपट्टी होते. तिनं ताटलीत शोभावेत म्हणून मुद्दाम सुपारीएवढे पेढे वळले होते. परिणाम काय झाला? बघणाऱ्यानं पेढा नेहमीचा धरला आणि शेजारची राखी मनातल्या मनात दुपटीनं मोठी केली. डबी उघडल्यावर निघालं रुपयाच्या नाण्याएवढं फूल! आणि पेढे तर डबीत नव्हतेच, कारण खव्याचा पेढा पावसाळ्यात टपालाच्या प्रवासात टिकत नाही. चित्रात मात्र ते दिलेल्या वस्तूंच्याच रांगेत बसले होते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. राखीची दोन्ही टोकं तिनं डबीखाली दुमडली होती. दिसायला नीटस, पण राखी म्हणजे तिची टोकं! फूल शोभेचं, बांधतात ते टोकांनी. मोठ्या माणसाचं मनगट साधारण सतरा सेंटिमीटर धरा. गाठ मारायला बोटांत धरता येईल असा आठ-दहा सेंटिमीटर धागा दोन्हीकडे हवा. म्हणजे पस्तीसच्या आसपास लांबी झाली. आम्ही तिच्या राखीला फूटपट्टी लावली. सव्वीस निघाली. लहान मुलाला पुरेल, त्याच्या मामाला पुरणार नाही. तिच्या स्वतःच्या भावाला पुण्यात ती पुरली नव्हती; वहिनीनं शिवणाचा दोरा जोडून बांधली, आणि त्यानं ते बहिणीला कधी सांगितलंही नाही. आम्ही मोजल्यावर तिनं फोन केला, तेव्हा कळलं.

यावर ती म्हणाली, "ठीक आहे सर, टोकं दाखवीन. पण सूत हातानं कातलेलं आहे, ते तरी फोटोत दिसतं ना?"

इथे आम्हाला तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आठवला. हायडेगरनं १९३५-३६ च्या सुमारास कलाकृतीच्या उगमावर व्याख्यानं दिली. त्यांत व्हॅन गॉगनं रंगवलेल्या बुटांच्या जोडीत त्यानं एका शेतकरी बाईचं सगळं जग पाहिलं, तिचे कष्ट, तिची ओली जमीन. पुढे १९६८ साली मायर शपिरो या कलेतिहासकारानं आक्षेप घेतला की हे बूट शेतकरी बाईचे नाहीत, ते खुद्द चित्रकाराचेच असावेत. त्याचं म्हणणं असं की हायडेगरनं चित्रात जे पाहिलं, ते त्यानं स्वतःच तिथे नेऊन ठेवलं होतं.

सुताचंही तसंच आहे. जाड-बारीक धागा दिसला की आपण तिथे चरखा आणि कातणारा हात बघतो. पण मुद्दाम जाड-बारीक सूत गिरणीतही काढतात. कापूस आणि पॉलिस्टर यांतला फरक डोळ्याला सापडेल. हात आणि यंत्र यांतला फरक चित्र खात्रीनं सांगू शकत नाही. मध्य प्रदेशातल्या सौसर भागात, आपल्या नागपूरच्या शेजारी, पारडसिंगा गाव आहे. तिथल्या 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट'च्या बीजराख्या तुमच्यापैकी काहींनी बांधल्या असतील. त्यांत बी असतं. फोटोत बी दिसेलही, पण ते उगवेल की नाही हे मातीच सांगणार. काही गोष्टींना चित्राचा पुरावा नसतोच. तिथे सांगणाऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागते, आणि म्हणून तो शब्द खरा असावा लागतो.

तिनं फोटो पुन्हा काढला. खिडकी तीच, कापड तेच. पेढे हलवायाकडचे, नेहमीच्या आकाराचे, आणि खाली स्पष्ट ओळ की मिठाई सोबत येत नाही. धाग्याची लांबी वाढवली, टोकं कापडावर मोकळी सोडली. 'हातानं कातलेलं' या शब्दांपुढे सूत कुठून घेतलं तेही लिहिलं. चित्र पहिल्याइतकं नीटस राहिलं नाही. उजवीकडचं टोक चौकटीबाहेर जातं. आम्हाला विचाराल तर तीच त्यातली सर्वांत चांगली जागा आहे. तो धागा कोणाच्या तरी मनगटाकडे निघाला आहे, हे तिथे कळतं. पहिल्या चित्रात तो डबीपाशीच संपत होता.

इथे थांबतो.