‘जवळ’ आणि ‘कडे’ : डॉप्लर सूत्रातील चिन्हांविषयी

ध्वनीचा उगम आणि श्रोता हे दोघेही चालते असता श्रोत्यास ऐकू येणारी कंप्रता काढण्याचे सूत्र पाठ्यपुस्तकांतून बहुधा पुढील रूपात दिलेले असते :

f′ = f (v ± v_o) / (v ∓ v_s)

येथे v हा ध्वनीचा, v_o श्रोत्याचा आणि v_s उगमाचा वेग होय. त्यासोबत एक वाक्यही असते : ‘जवळ येत असल्यास वरचे चिन्ह, दूर जात असल्यास खालचे चिन्ह घ्यावे.’ सूत्र निर्दोष आहे. दोष या वाक्यात आहे. विद्यार्थ्यांची चिन्हे उलटतात त्याचे खापर सामान्यतः त्यांच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. पण वाक्याचे व्याकरण तपासले तर त्यांनी ते अगदी प्रामाणिकपणे वाचलेले असते, असेच आढळेल.

‘जवळ येणे’ हे दोन वस्तूंमधील अंतराचे विधान आहे. अंतर कमी झाले की दोन्ही वस्तू एकमेकींजवळ आल्या, मग हालचाल कोणाची का असेना. सूत्रास मात्र अंतराशी कर्तव्य नाही. प्रत्येकाची हवेतील गती दुसऱ्याकडे आहे की दुसऱ्यापासून आहे, एवढेच त्यास हवे असते. १८४५ साली बॉइस बॅलट याने नेदरलंड्समध्ये आगगाडीवर वादक बसवून डॉप्लरच्या १८४२ मधील सिद्धांताची परीक्षा घेतली. वादक गाडीत तर श्रोते रुळाशेजारी उभे, आणि पुढे याच्या उलट, अशी ती योजना होती. एकच पक्ष चालत असल्याने ‘जवळ’ आणि ‘कडे’ यांचा अर्थ तेथे एकच होत होता. दोघेही एकाच दिशेने चालू लागले की ते शब्द वेगळे होतात.

सरळ रस्त्यावर एक मोटार सेकंदास २० मीटर वेगाने चालली आहे आणि तिच्या मागून रुग्णवाहिका ३० मीटर वेगाने येत आहे, असे समजू. भोंग्याची कंप्रता ७०० हर्ट्‌झ, ध्वनीचा वेग सेकंदास ३४० मीटर, आणि हवा स्थिर. अंतर कमी होत आहे. म्हणून वरील वाक्य मानणारा विद्यार्थी दोन्ही ठिकाणी वरचे चिन्ह घेतो आणि ७०० × ३६०/३१०, म्हणजे सुमारे ८१३ हर्ट्‌झ, असे उत्तर काढतो. वस्तुतः रुग्णवाहिका मोटारीकडे चालली आहे, परंतु मोटार रुग्णवाहिकेपासून पळत आहे. म्हणून ७०० × ३२०/३१०, म्हणजे ७२२.६ हर्ट्‌झ, हे खरे उत्तर होय.

हा निर्णय सूत्राविना पडताळता येतो. उगम स्वतःच्या लहरींच्या मागे ३० मीटर वेगाने धावत असल्याने पुढील दोन शृंगांतील अंतर ३१०/७०० मीटर, म्हणजे ०.४४३ मीटर राहते. पळणाऱ्या मोटारीस ही शृंगे सेकंदास ३२० मीटर या वेगाने गाठतात. ३२० ला त्या अंतराने भागले की ७२२.६ हीच संख्या मिळते.

‘अंतर घटते आहे, म्हणून स्वर चढला पाहिजे’ ही प्रचलित कसोटी येथे निरुपयोगी आहे, कारण ८१३ हे चुकीचे उत्तरही तिला उतरते. दोघांचे वेग समान मानून पाहणे अधिक फलदायी. अंतर बदलत नसेल तर मूळ कंप्रताच ऐकू आली पाहिजे. दोघांनाही २० चा वेग दिला की खऱ्या सूत्रातून ७०० येतात, तर चुकीच्या चिन्हांनी ७८७.५. मात्र या दोन्ही कसोट्यांना चकवणारी एक चूक उरतेच. उगम व श्रोता यांची अदलाबदल करून शिवाय दोन्ही चिन्हे उलटवली तर ७०० × ३७०/३६०, म्हणजे ७१९.४ येतात. स्वर चढतो, समान वेगास ७०० मिळतात, आणि उत्तर खऱ्यापासून अवघे तीन हर्ट्‌झ दूर असते. ही चूक टोकाशी पकडावी. पुढे पळणाऱ्या श्रोत्याचा वेग ३४० केला तर मागची लहर त्यास गाठूच शकत नाही. अंश शून्य झाला पाहिजे. या चुकीच्या सूत्रात तो ३७० च राहतो.

काही पुस्तके ± चे जोडचिन्ह टाकून f′ = f (v + v_o)/(v + v_s) एवढेच लिहितात आणि श्रोत्याकडून उगमाकडे जाणारी दिशा धन मानतात. ही रीत निश्चितच श्रेयस्कर, कारण तीत ‘जवळ’ हा शब्दच येत नाही. वरील उदाहरणात धन दिशा मागे असल्याने दोन्ही वेग ऋण होतात. रुग्णवाहिका पुढे निघून गेली की धन दिशाच फिरते, दोन्ही वेग एकदम धन होतात आणि ७०० × ३६०/३७०, म्हणजे ६८१.१ हर्ट्‌झ ऐकू येतात. जोडचिन्हाचा पुरस्कार करणाऱ्यांनी निदान ‘श्रोता उगमाकडे जात असल्यास’ आणि ‘उगम श्रोत्याकडे जात असल्यास’ अशी दोन स्वतंत्र वाक्ये लिहावयास हवीत.

हे सारे स्थिर हवेत आणि एकाच रेषेवरील, ध्वनीहून कमी वेगांच्या गतीस लागू आहे. उगमाकडून श्रोत्याकडे वारा वाहत असेल तर त्याचा वेग अंश व छेद या दोन्ही ठिकाणी v मध्ये मिळवावा; v_o आणि v_s जमिनीच्या संदर्भात मोजलेलेच राहतात.