ओळ तुटली, आकडा बदलला

विद्यार्थ्याने आणलेला निबंध त्याचा स्वतःचा आहे की संगणकाने लिहून दिला आहे, हे सांगणाऱ्या आज्ञावली २०२३ पासून सर्रास मिळू लागल्या आहेत. त्यांना आपण सोयीसाठी 'शोधक' म्हणू या. शोधकाच्या चौकटीत निबंध चिकटवायचा, कळ दाबायची, की काही क्षणांत उत्तर येते : '८७ टक्के यंत्रलिखित'. आकडा इतका नेमका असतो की तो कुणीतरी मोजून काढला असावा असेच वाटते. पण मोजमापाच्या साधनाला विज्ञानात एक साधी कसोटी लावतात. वस्तू तीच असेल तर मापही तेच यायला हवे. हे शोधक बरोबर सांगतात की चूक, या प्रश्नाकडे आपण नंतर वळू. त्याआधी एवढेच पाहू या की, निबंधातला एकही शब्द न बदलता तो फक्त पीडीएफमधून उचलून चिकटवला, तर आकडा तोच राहतो का?

राहत नाही. का राहत नाही हे समजायला पीडीएफ म्हणजे काय ते आधी पाहायला हवे. १९९३ साली हा प्रकार आला तो छापील पान जसेच्या तसे दिसावे यासाठी. त्यामुळे साध्या पीडीएफमध्ये वाक्य, परिच्छेद असे काही नसते. अमुक आकाराचे अक्षर पानावर अमुक ठिकाणी ठेवा, अशा सूचनांची ती यादी असते. पुष्कळदा शब्दांमधली मोकळी जागाही तिच्यात नोंदलेली नसते. आपण मजकूर उचलतो तेव्हा अक्षरांमधले अंतर पाहून संगणक शब्द कुठे संपला ते ताडतो, आणि ओळ संपली की तिथे 'नवी ओळ' ही खूण घालतो. इंग्रजी मजकुराच्या दोन्ही कडा सरळ जुळाव्यात म्हणून जुळणी करताना शब्द तोडून जी आडवी रेघ घातलेली असते, ती तर पानावर खरोखरच छापलेली असते, म्हणून तीही सोबत येते. उदाहरणार्थ, एक वाक्य असे हाती लागते :

```
Green plants make their food by photosyn-
thesis, and for this they need light,
water and carbon dioxide.
```

आपण हे वाचतो तेव्हा आपला डोळा तुटलेला शब्द आपोआप जोडून घेतो. शोधकाला असा डोळा नाही.

शोधकांच्या एका मोठ्या गटाचे काम अंदाजावर चालते. त्यांच्या पोटात भाषेचा एक संगणकीय नमुना असतो. तो मजकुराचे लहान तुकडे करतो. तुकडा म्हणजे कधी अख्खा शब्द, कधी शब्दाचा भाग, कधी नुसते विरामचिन्ह. मग प्रत्येक तुकडा येण्याआधी तो येण्याची शक्यता किती होती हे नमुना पाहतो. शक्यता आठात एक असेल, तर नाणे तीनदा उडवून तिन्ही वेळा छाप पडण्याइतके ते अनपेक्षित झाले. याला तीन बिट अनपेक्षितपणा म्हणतात. सर्व तुकड्यांची सरासरी काढली आणि दोनाचा तितका घात केला की 'पर्प्लेक्सिटी' नावाचे माप मिळते. यंत्राने लिहिलेला मजकूर सहसा अपेक्षित वळणाने जातो, म्हणून त्याचे माप कमी येते. माणूस अधूनमधून आडवळण घेतो, म्हणून त्याचे जास्त. मूळ कल्पना एवढीच आहे, आणि ती चुकीची नाही.

आता एक हिशेब करून पाहू. त्यातले आकडे मी सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. रीत मात्र खरी आहे. समजा, ३०० शब्दांचा इंग्रजी निबंध आहे. त्याचे ४०० तुकडे पडले आणि सरासरी अनपेक्षितपणा तीन बिट आला. एकूण १२०० बिट झाले आणि माप आले ८. शोधकाची सीमारेषा ९ आहे असे धरू. त्याखाली यंत्र, त्यावर माणूस. म्हणजे हा निबंध यंत्राच्या खात्यात गेला.

आता हाच निबंध पीडीएफमधून उचलला. दर ओळीत दहा शब्द, म्हणून ३० ओळी. वाक्य अर्धवट असताना नवी ओळ सुरू व्हावी हे नमुन्याला फारच अनपेक्षित असते. दोन-चार ओळींनंतर त्याला थोडी सवय होते, तरी ओळ नेमकी कुठे तुटेल ते त्याला आधी कळत नाही. सरासरी सहा बिट धरले तर १८० बिटांची भर पडली. आठ ओळींच्या शेवटी शब्द तुटले आहेत. 'photosynthesis' हा शब्द नमुन्याने हजारो वेळा पाहिलेला असतो, पण 'photosyn' इथेच थांबून पुढे रेघ, हे त्याला नवीन. दर तुटलेल्या शब्दामागे दोन तुकडे आणि बारा बिट वाढले असे धरू, म्हणजे आणखी १६ तुकडे आणि ९६ बिट. बेरीज करा : १४७६ बिट, ४४६ तुकडे. सरासरी ३.३१ बिट, आणि माप ९.९. सीमारेषा ओलांडली! यंत्राचा ठरलेला निबंध माणसाचा झाला, आणि लिहिणाऱ्याने त्यासाठी काहीच केले नाही. पान दोन स्तंभांचे असते तर ओळी आखूड झाल्या असत्या, खुणा जवळपास दुप्पट झाल्या असत्या आणि माप आणखी चढले असते.

यावरून कुणी म्हणेल की, ठीक आहे, चूक झालीच तर विद्यार्थ्याच्या बाजूने होते. पण चुकीची दिशाही पक्की नाही. काही शोधक वाक्यावाक्यांतला चढउतारही पाहतात. माणसाचे एक वाक्य सहा शब्दांचे, तर पुढचे तीस शब्दांचे असते. यंत्राची वाक्ये त्या मानाने एका मापाची असतात, असा त्यामागचा तर्क आहे. आता शोधकाने नव्या ओळीच्या खुणेलाच वाक्याचा शेवट मानले, तर माणसाची लहानमोठी वाक्ये कापली जाऊन दहा, नऊ, अकरा, दहा अशा एकसारख्या पट्ट्या होतात. चढउतार नाहीसा होतो आणि तोच निबंध आता यंत्राकडे झुकतो.

शोधकांचा दुसरा गट असे हिशेब करत नाही. त्याला माणसाचे आणि यंत्राचे हजारो नमुने दाखवून फरक ओळखायला शिकवलेले असते. इथे धोका वेगळा आहे. शिकवताना माणसांचे लेख जुन्या पीडीएफमधून आणि यंत्राचे लेख थेट संगणकावरून घेतले असतील, तर तुटक्या ओळी म्हणजे माणूस, एवढेच तो शिकून बसेल, आणि परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुणही मिळतील. उत्तरपत्रिकेतले अक्षर पाहून हुशारी ठरवणाऱ्या परीक्षकासारखे हे झाले.

हे काही तर्कापुरते नाही. २०२३ मध्ये शुयांग त्साय आणि वान्युन त्सुई या चिनी संशोधकांनी दाखवले की, यंत्राच्या मजकुरात एखाद्या स्वल्पविरामाआधी फक्त एक मोकळी जागा घातली तरी शोधक मोठ्या प्रमाणावर फसतात. २०२४ मध्ये 'रेड' नावाच्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत अनेक शोधक तपासले गेले. तिच्यात जास्तीच्या मोकळ्या जागा, वाक्यांमध्ये घातलेले परिच्छेद, दिसायला सारखी पण वेगळ्या लिपीतली अक्षरे, असे बदल मुद्दाम केले होते, आणि अनेक शोधकांची कामगिरी त्याने ढासळली. या अभ्यासांत असे बदल म्हणजे शोधकावरचा 'हल्ला' मानला आहे. माझा आक्षेप नेमका इथे आहे. पीडीएफमधून मजकूर उचलणारा शिक्षक कुणावर हल्ला करत नसतो. जे साधन रोजच्या वापरानेच हलते, त्याच्या चुकीचे प्रमाण स्वच्छ टंकलेल्या मजकुरावर मोजून जाहीर करणे हे प्रामाणिक मोजमाप नव्हे. 'ओपनएआय' कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा शोधक काढला, तेव्हा तो यंत्राचे २६ टक्केच लेख पकडतो आणि माणसांच्या ९ टक्के लेखांवर खोटा ठपका ठेवतो, असे स्वतःच सांगितले, आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत तो मागे घेतला. एवढा मोकळेपणा या बाजारात क्वचितच दिसतो.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी याला आणखी एक पदर आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांची वाक्ये साधी आणि शब्द नेहमीचे असतात, म्हणून त्यांचे माप मुळातच कमी येते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा परदेशी विद्यार्थ्यांचे ९१ इंग्रजी निबंध सात शोधकांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंधांवर यंत्रलिखित असा शिक्का बसला. म्हणजे आपली मुले सीमारेषेच्या आसपासच उभी असतात, आणि तिथे ओळींच्या खुणांचा लहानसा धक्काही निकाल फिरवायला पुरतो. एकाच वर्गातल्या दोघांनी सारख्याच धाटणीचे निबंध दिले, एकाने वर्डची फाइल आणि दुसऱ्याने पीडीएफ, तर एक पकडला जाईल आणि दुसरा सुटेल. मराठी निबंधांबद्दल तर बोलायलाच नको. पीडीएफमधून उचललेल्या देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागेपुढे उडते, जोडाक्षरे फुटतात, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातला मजकूर असेल तर हाती निव्वळ इंग्रजी चिन्हांचा कचरा येतो. त्यावर आलेल्या टक्केवारीला काही अर्थ नाही.

हे तपासून पाहणे अवघड नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्याआधीचा, तुमच्या संग्रहातला एखादा विद्यार्थ्याचा इंग्रजी निबंध घ्या. तो अशा यंत्राचा नाही हे नक्की. नाव काढून टाका. तो स्वच्छ टंकून एकदा, एका स्तंभाच्या पीडीएफमधून एकदा आणि दोन स्तंभांच्या पीडीएफमधून एकदा, असा तीनदा शोधकाला द्या आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. त्यांच्यात पंधरा टक्क्यांचा फरक पडला, तर सीमारेषेच्या दोन्ही बाजूंचे पंधरा टक्के निकालात धरता येणार नाहीत.

मजकूर स्वच्छ करायचा असेल तर वर्डमध्ये 'शोधा आणि बदला' वापरून, याच क्रमाने, चार बदल करावे लागतात. बाणाच्या डावीकडचे शोधायचे, उजवीकडचे त्या जागी घालायचे :

```
^p^p  ->  @@
-^p   ->  (रिकामे)
^p    ->  (एक मोकळी जागा)
@@    ->  ^p
```

पहिल्या पायरीत खरे परिच्छेद बाजूला राखून ठेवले जातात. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ नसेल, तर ती खूण हाताने घालावी लागते. ओळीच्या शेवटी वाकडा बाण दिसत असेल तर ^p ऐवजी ^l लिहायचे. मधूनच घुसलेले पानांचे क्रमांक आणि शीर्षके हातानेच काढायची. इतके करूनही दुसरी पायरी थोडा घोटाळा करतेच. 'well-known' सारखा शब्द नेमका रेघेवर तुटला असेल तर त्याचा 'wellknown' होतो, म्हणून एकदा वाचून पाहणे सुटत नाही.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडचा शोधक बंदच करून टाकला. ज्या शाळा-महाविद्यालयांना तो चालू ठेवायचा आहे, त्यांनी विद्यार्थ्याला बोलावण्याआधी निकालाच्या कागदावर तीन गोष्टी लिहिण्याची सक्ती करावी : मजकूर कोणत्या फाइलमधून आणि कसा उचलला, उचलला तसाच दिल्यावर आकडा किती आला, आणि स्वच्छ करून दिल्यावर किती. यातला तिसरा रकाना कोरा असेल तर तो कागद शिक्षकाकडे परत पाठवावा.