कात्रणातला ‘उद्या’

कागदी कात्रण पिवळं पडून आपलं वय सांगायचं. ई-पेपरचं कात्रण मेलं म्हातारंच होत नाही!

तसा ई-पेपर गुणी. कान्ह्याहून लोकल धरण्याआधी मी घरच्या वायफायवर अंक उतरवतो. मग इंटरनेट बंद करून शेवटचं पान उघडायचं. अक्षर मोठं करूनही फुटलं नाही, की समजावं, अंक खरोखर उतरला.

परवा ग्रुपवर कात्रण आलं : ‘उद्या लोकल बंद’. हिनं मला घरी बसवलं. लोकल मात्र भोंगा वाजवत गेली! कात्रण गेल्या वर्षीचं. बातमीची चौकट कापली, की तारीख पानाच्या माथ्यावरच राहते. कात्रणातला ‘उद्या’ मग रोजच उगवतो.

आता मी माथ्यासकट पान धाडतो, नाहीतर खाली तारीख लिहितो.